भाडं थकलंय, घर माझं आहे. नळ बंद केला तर चूक काय?

वरचा_मजला (जळगाव): पिंप्राळ्यात माझं दोन मजली घर आहे. वरच्या दोन खोल्या महिना 4,500 रुपयांनी दिल्यात, लेखी काही नाही. 8 महिन्यांचं भाडं थकलंय, म्हणजे 36,000. मागायला गेलं की "आबा, पुढच्या पगाराला." 1 तारखेपासून टाकीचा कॉक बंद करायचं मनात आहे, दोन दिवसांत सामान आवरतील. मुलगाही पुण्याहून परत येणार आहे, त्याला खोल्या लागतील. कोर्टाच्या फेऱ्यात पडायलाच हवं का?

तापीकाठ: मनं घर, मनं कुलूप! भाडेकरू फुकट राहतो तेव्हा कुठे असतो कायदा? आमच्या काकांनी धुळ्याला सरळ कुलूप ठोकलं, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी. तुम्ही कॉक फिरवा.

कोर्टात_27_वर्षं: काकांचं नशीब चांगलं, भाडेकरू कोर्टात गेला नाही एवढंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 29 प्रमाणे मालकाला पाणी, वीज तोडता येत नाही. भाडेकरूने अर्ज केला की कोर्ट पुरवठा जोडून देण्याचा हुकूम करतं, आणि तोडणं हा गुन्हाही आहे. कुलूप लावून बाहेर काढलं तर तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायचा दावा टाकू शकतो. त्यात घर कोणाचं हे कोर्ट पाहतच नाही, बाहेर कसं काढलं एवढंच पाहतं. थकबाकी तुमची आणि आरोपीच्या जागी उभे तुम्हीच, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

नाना_अमळनेर: कायदा बरोबर आहे, पण एवढं घाबरवू नका. वकिलाकडून 15 दिवसांची नोटीस द्या, सोळाव्या दिवशी दावा टाका. आमच्याकडे सगळे असंच करतात.

कोर्टात_27_वर्षं: नाना, 15 दिवस हे मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले. भाडे नियंत्रण कायदा लागू नसलेल्या गावात ते चालतं. जळगाव शहरात तो लागू आहे, आणि भाडं थकलं म्हणून ताबा मागायचा तर थकबाकी मागणारी लेखी नोटीस मिळाल्यापासून 90 दिवस थांबावं लागतं. दावा आधी टाकला तर भाडेकरूचा वकील पहिल्याच तारखेला बोट ठेवतो: मुदतीपूर्वी. सगळी मेहनत पाण्यात.

आबांचं उदाहरण घ्या. नोटीस 2 जूनला पोस्टात टाकली आणि भाडेकरूला 10 जूनला मिळाली, तर मोजणी 10 जूनपासून, पोस्टात टाकल्यापासून नाही. 90 दिवस 8 सप्टेंबरला भरतात, दावा 9 तारखेला किंवा नंतर. म्हणून पोस्टाची पोहोच पावती जपून ठेवायची. मी पोळ्याला बैल सजवताना पावती हरवलेला मालकही पाहिलाय!

आणि नोटिशीत नुसतं "घर खाली करा" लिहून भागत नाही. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, काय दराने, एकूण किती, आणि ते भरा, अशी स्पष्ट मागणी हवी.

भुसावळची_भाडेकरू: मी भाडेकरू आहे, म्हणून इथे माझ्यावर दगड पडणार. पण 90 दिवस उगाच नाहीत. आमच्या मालकांना मी दर महिन्याला रोख द्यायची, ते पावती द्यायचे नाहीत. "घरातलीच माणसं आपण" म्हणायचे. मग एक दिवस म्हणाले, चार महिन्यांचं आलंच नाही. आता सांगा, कोण खरं बोलतंय हे कसं ठरायचं? पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, ते कोणी बोलत नाही.

दुकानदार_धुळे: तुमचा 11 महिन्यांचा करार संपलाय ना? मग विषयच संपला, नूतनीकरण करू नका. माझ्या गाळ्याचं तसंच केलं.

कोर्टात_27_वर्षं: भाऊ, आबांनी लिहिलंय की लेखी काही नाही. घर लेखी, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सने दिलं असतं तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता आला असता, आणि न सोडल्यास दुप्पट शुल्क मागता आलं असतं. ते दार इथे बंद आहे. उलट, करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. उद्या तो म्हणाला, भाडं 3,000 च ठरलं होतं, तर? आबा, तुमच्या पासबुकात त्याचे 4,500 कधी आलेत का ते बघा.

वरचा_मजला: बघतो. पण एक सांगा, 90 दिवस थांबून दावा टाकला, तर मग घर मिळेल ना?

कोर्टात_27_वर्षं: इथेच मालकांना धक्का बसतो. समन्स मिळाल्यापासून आणखी 90 दिवसांत त्याने सगळी थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, निकालापर्यंत भाडं वेळेवर देत राहिला आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर या कारणावर ताबा मिळत नाही. 36,000 वर्षभर थकले तर व्याज 5,400. तेवढं भरून तो घरात राहतो. पैसे मात्र तुमच्या हातात पडतात.

तापीकाठ: वा रे न्याय! वर्षभर झुलवायचं, मग व्याज फेकून पुन्हा कूलरखाली झोपायचं. मालकाने काय घर दान दिलंय? हा कायदा त्या काळचा, जेव्हा मालक वाडेवाले सावकार होते. आज पेन्शनवरचा माणूस एक मजला भाड्याने देतो.

भुसावळची_भाडेकरू: तुमचं म्हणणं अर्धं मला पटतं. पण भाडेकरूही बहुतेक वेळा पगार अडकलेलाच असतो. त्याला भर मे महिन्यात पाणी तोडून रस्त्यावर काढायचं का?

वरचा_मजला: आणि मुलाचं?

कोर्टात_27_वर्षं: ते स्वतंत्र कारण आहे, कलम 16 मधलं: घराची खरी, प्रामाणिक गरज. मुलाची गरजही त्यात धरतात, आणि त्याला 90 दिवसांची अट नाही. पण "येणार आहे" म्हणून चालत नाही. पुण्याची नोकरी सोडली का, इथे काय करणार, खालच्या मजल्यावर किती माणसं आहेत, सगळं उलटतपासणीत निघतं. शिवाय कोर्ट तराजू धरतं, जास्त हाल कोणाचे होतील. भाडेकरूने दुसरं घर शोधलंच नसेल तर ते त्याच्या विरोधात जातं. आणि ताबा मिळाल्यावर महिन्याभरात मुलगा राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलं, तर भाडेकरू परत येऊ शकतो.

नाना_अमळनेर: दोन्ही कारणं एकाच दाव्यात टाकायची.

कोर्टात_27_वर्षं: टाकता येतात, पण 90 दिवस भरल्यावर. नोटिशीत दोन्ही लिहा.

वरचा_मजला: पासबुक काढलं. गेल्या वर्षी मार्च आणि एप्रिलमध्ये यूपीआयने 4,500 आलेत, बाकी सगळं रोख. आणि आज सकाळी तो स्वतः 5,000 घेऊन आला. घेऊ की नको? शेजारचे म्हणतात घेतले तर केस बुडेल.

कोर्टात_27_वर्षं: घ्या, पावती द्या, त्यावर "थकबाकीपोटी" आणि कोणत्या महिन्याचे ते लिहा. मग उरलेले 31,000 नोटिशीत मागा.

नाना_अमळनेर: आमचे वकीलसाहेब नेमकं उलटं सांगतात: नोटीस जाईपर्यंत हात लावू नका.

वरचा_मजला: पैसे अजून टेबलावरच आहेत. कॉक मात्र चालू ठेवलाय.