मोठा जुना फोटो दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडलाय का कुणी? अनुभव लिहा

सांजवात: आजोबांच्या मॅट्रिकच्या बॅचचा ग्रुप फोटो आहे, १० बाय १२ इंच, जाड राखाडी पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली छापील नावं. ए४ स्कॅनरची काच साधारण साडेआठ बाय पावणेबारा, म्हणून डावा-उजवा असे दोन स्कॅन घेतले ६०० डीपीआयला. एकेकटे छान दिसतात, पण शेजारी ठेवले की उजवा जास्त उजळ आणि जोडावर बसलेल्या सरांचा चेहरा पुसट येतोय. तुम्ही लोकांनी कसं केलंत, सविस्तर लिहा प्लीज.

भटक्या: फोटोशॉपमध्ये `File > Automate > Photomerge`, दोन्ही फाइली द्यायच्या, Auto ठेवायचं, झालं. रंगाचा फरक पण तोच मिटवतो. चेहरा पुसट असेल तर १२०० ला स्कॅन कर.

पंचगंगा: भटक्या, फोटोमर्ज बरोबर आहे पण Auto नको, Reposition घ्या. Auto कधीकधी पर्स्पेक्टिव्ह लावतं आणि कडेची माणसं ताणली जातात, सपाट कागदाला असलं वाकवणं कशाला हवंय. आणि १२०० डीपीआयने चेहरा सुधारणार नाही, पुसटपणाच मोठा होऊन दिसेल.

सांजवात, तुमचा पुठ्ठा काचेच्या बाहेर जातो ना, तिथे स्कॅनरच्या उंच चौकटीवर चढून तो काचेपासून उचलला जातो. पातळ, यूएसबीवर चालणारे जे स्कॅनर असतात त्यांना काचेपासून जरासं वर गेलेलंही धूसर दिसतं, शिवाय तो भाग काळवंडतो. आता गंमत बघा, डाव्या स्कॅनची खराब पट्टी त्याच्या उजव्या कडेला आणि उजव्याची डाव्या कडेला, म्हणजे दोन्ही ओव्हरलॅपच्या टोकांना. तुमच्या मापात दोन्हीकडे येणारा भाग ५ इंचापर्यंत मिळू शकतो, तेवढा पूर्ण घ्या आणि जोड त्याच्या मध्यावर ठेवा, तिथे दोन्ही स्कॅन काचेला टेकलेले असतात. झाकण बहुतेक वेळा सरळ वर उचललं की निघतं, ते काढून वर काळं कापड आणि हलकं सपाट पुस्तक ठेवा. पुठ्ठा ठिसूळ असेल तर दाबू नका.

उजळपणाचं कारण ऑटो एक्स्पोजर. एका अर्ध्यात काळे कोट जास्त, दुसऱ्यात पांढरे सदरे असले की स्कॅनर दोघांना वेगळं मोजतो. ऑटो करेक्शन, शार्पनिंग सगळं बंद करून एकाच सेटिंगला दोन्ही घ्या.

रानफूल: माझ्याकडे आईबाबांचा लग्नातला फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय, तो सोडवून असा जोडता येईल का?

पंचगंगा: सोडवू नका हो, चित्राचा थर काचेवरच राहतो. काचेसकट कॉपी करून घ्या, नाहीतर फोटो कन्झर्व्हेटरला दाखवा.

कोकणवाट: मी गिम्पमध्ये हाताने करते. वरच्या लेयरचा मोड Difference केला की जिथे तंतोतंत बसतं तिथे काळं दिसतं आणि चुकलं तिथे कडा चमकतात. वर जुळतंय पण खाली जाताना आडवं सरकतंय तर लेयर किंचित फिरवायची, ०.१ डिग्रीने सुद्धा फरक पडतो. पण खाली उभ्या दिशेला सरकत असेल तर मापच थोडं वेगळं आलेलं असतं. एक अर्धा आडवा नि एक उभा ठेवून स्कॅन केला की हे होतं, कारण एका दिशेला लेन्सचं माप आणि दुसरीला मोटारचं. फोटो फिरवायचा नाही, नुसता सरकवायचा.

भटक्या: १८० मध्ये उलटा केला तर काय बिघडतं? मी नेहमी तसंच करतो.

पंचगंगा: गुळगुळीत प्रिंट असेल तर चालून जातं. पण स्कॅनरचा दिवा बहुधा एकाच बाजूने तिरका पडतो, त्यामुळे खरखरीत कागदाच्या सावल्या उलट होतात, आणि जुन्या प्रिंटच्या काळ्या भागात जी चंदेरी-निळी झाक येते तीही वेगळी दिसते. मग लेव्हल्सने कितीही जुळवा, जोड दिसतोच.

अजून एक, मास्कवर रुंद फेदर देऊ नका. दोन स्कॅन मिसळले की फोटोचा दाणा मऊ होतो आणि एक गुळगुळीत पट्टा उमटतो. आधी कर्व्हजने टोन जुळवा, एकच कोट दोन्हीकडे आयड्रॉपरने बघायचा. मग जोड कोटाच्या कडेने, दोन माणसांच्या मधून नागमोडी न्या, फेदर ४-५ पिक्सेल पुरे. चेहऱ्यावरून अजिबात नाही.

कोकणवाट: मागच्या साध्या भिंतीवर मात्र मला रुंद फेदरच बरा वाटतो, तिथे अरुंद दिला तर टोनची रेघ दिसते.

पंचगंगा: टोन नीट जुळला असेल तर नाही दिसत. माझं मत अरुंदच.

सांजवात: झाकण काढून, ऑटो बंद करून परत स्कॅन केले. सर आता दोन्हीत स्पष्ट आहेत आणि Reposition ने नीट बसले, जोड सरांच्या खुर्चीच्या कडेने नेलाय. वरच्या भिंतीवर पुसट उभी रेघ आहे अजून, तिथे दोघांचं करून बघते. खालची नावं छापलेला भाग काचेत मावलाच नाही, तो वेगळा तिसरा स्कॅन घ्यावा लागेल, त्याला पण पुठ्ठा न फिरवताच सरकवायचा ना?