पाळीची रजा आणि आयव्हीएफची रजा: सक्ती हवी का, आणि पैसे कोणी भरायचे?

बेळगावची_सून
कर्नाटकाने नोव्हेंबर 2025 मध्ये आदेश काढला, महिन्याला एक पगारी पाळीची रजा. आमचं साड्यांचं दुकान आहे, 7 मुली कामाला. रजेला माझा विरोध नाही पण नियम सरकारने काढायचा आणि पैसे दुकानदाराने भरायचे हे पटत नाही. शिवाय एकीची आयव्हीएफची ट्रीटमेंट चालू आहे, तिलाही वेगळी रजा द्यावी लागते का? दोन्ही बाजूंनी मतं हवीत.

रोखठोक_नाना
सरळ सांगतो, राग मानू नका. अशा सक्तीने बायकांच्याच नोकऱ्या जाणार. सुप्रीम कोर्टाने तर ही मागणी घटनाबाह्य म्हणून फेटाळलीये. उद्या तुम्हीच मुलींऐवजी मुलगे ठेवाल बघा.

हिशोबनीस
नाना, घटनाबाह्य वगैरे कोर्ट काही म्हणालं नाही. फेब्रुवारी 2023 ला याचिकाकर्त्यांना सांगितलं की हा धोरणाचा विषय आहे, महिला व बालविकास मंत्रालयाकडे जा. मग जुलै 2024 ला पुन्हा विषय आला तेव्हा तुम्ही म्हणताय ती भीती कोर्टाने बोलून दाखवली खरी, सक्ती केली तर मालक बायकांना घ्यायला कचरतील अशी, पण त्याच वेळी केंद्राला सांगितलं की सगळ्यांशी बोलून आदर्श धोरण ठरवता येतं का बघा. म्हणजे दार बंद केलं नाही, चेंडू सरकारकडे ढकलला.

आता दुकानाचा हिशोब. समजा पगार 20,800 आहे, महिन्याला 26 दिवस धरले तर दिवसाचे 800. वर्षाच्या 12 रजा म्हणजे एकीचे 9,600, सातजणींचे 67,200. सगळ्यांनी सगळ्या रजा घेतल्या तर. पगाराच्या पावणेचार टक्क्यांच्या आसपास जातं हे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दोघी एकाच दिवशी नसल्या तर जी धांदल होईल ती यात धरलेली नाही, आणि दुकानदाराला खरं टोचतं ते तेच.

तिरकी_रेघ
नाना, बिहारात 1992 पासून महिन्याला दोन दिवस आहेत, काही आभाळ कोसळलं का?

रोखठोक_नाना
बिहारात सरकारी नोकरीत आहेत हो. तिथे पगार तिजोरीतून जातो, कोणाच्या गल्ल्यातून नाही. मी तेच तर म्हणतोय.

हिशोबनीस
इथे नानांचं बरोबर आहे, आणि सगळा वाद इथेच अडतो. स्पेनने 2023 ला केलं ते वेगळ्या पद्धतीने. तिथे ही आजारपणाची रजा आहे, पाळीच्या त्रासाने उठवतच नाही अशा बाईसाठी, डॉक्टरने लिहून द्यायचं आणि पैसे पहिल्या दिवसापासून सामाजिक सुरक्षेच्या सरकारी फंडातून. मालकाला फुकट, पण बाईला दवाखान्याची पायरी चढायलाच लागते. कर्नाटकात बरोब्बर उलट: 18 ते 52 वयाच्या सगळ्यांना, सर्टिफिकेट नको, त्या महिन्याची रजा पुढच्या महिन्यात ढकलता येत नाही, पैसे मालकाचे. आधी शिफारस वर्षाला 6 दिवसांची होती, मंत्रिमंडळाने 12 केले. बंगळुरूच्या हॉटेलवाल्यांची संघटना हायकोर्टात गेली, मुद्दा हा की कायदा न करता नुसत्या आदेशाने असा बोजा टाकता येतो का. 9 डिसेंबरला सकाळी स्थगिती मिळाली आणि त्याच दिवशी ती मागेही घेतली गेली.

मला विचाराल तर मधला रस्ता आपल्याकडे आहे, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांचे मालक 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के भरतातच ना. आजारपणात 70 टक्के पगार मिळतो. पण अडचण बघा, पहिले दोन दिवस वेटिंग म्हणून सोडून देतात. आणि पाळीचा खरा त्रास असतो पहिल्या दुसऱ्या दिवशीच! तेवढी एक अट या कारणापुरती काढली तरी अशा दुकानदारांवरचं ओझं बरंच हलकं होईल. सर्टिफिकेटचं मात्र काय करायचं ते मलाही सुचलेलं नाही.

अजून_थांबलेय
आयव्हीएफचं मी सांगते कारण त्यातून गेलेय. मुळात सगळे "रजा किती दिवस" हेच विचारतात आणि तिथेच चुकतं. इंजेक्शनं दहा-बारा दिवस असतात, त्यात दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, फॉलिकल म्हणजे बीजांच्या पिशव्या किती वाढल्या ते बघून डॉक्टर पुढची तारीख देतात, म्हणजे परवा यायचंय की तेरवा ते आज संध्याकाळी कळतं. मग ट्रिगरचं इंजेक्शन रात्री कितीही वाजता असो, ते ठरल्या वेळीच घ्यावं लागतं, कारण त्यानंतर 34 ते 36 तासांत एग पिकअप, म्हणजे भूल देऊन बीजं बाहेर काढतात. त्या दिवशी पूर्ण सुट्टी लागतेच, दुसऱ्या दिवशीही पोट फुगलेलं असतं. बाकीच्या दिवशी सकाळचे दोन-तीन तास मिळाले तरी भागतं. आमच्या ऑफिसात महिनाभर आधी रजा टाका असा नियम, कुठून टाकणार? शेवटी आईच्या आजारपणाची थाप मारत राहिले, आई बिचारी ठणठणीत.

कायद्याचं म्हणाल तर आपल्या कायद्यातल्या मॅटर्निटी बेनिफिटच्या तरतुदींत गर्भपात झाला तर 6 आठवडे आहेत, नसबंदीला 2 आठवडे आहेत, पण मूल व्हावं म्हणून जी ट्रीटमेंट घेतो तिला काही नाही. ताई, तुम्हाला सक्ती नाही. पण त्या मुलीला उशिरा यायची मुभा द्या, आणि कारण सगळ्या स्टाफसमोर विचारू नका.

मध्यमवर्गीय
दक्षिण कोरियात आहे की वंध्यत्व उपचाराची रजा. 2025 पासून वर्षाला 6 दिवस, त्यातले पहिले 2 पगारी. माझ्या मते पुरुषांनाही मिळते.

अजून_थांबलेय
मिळायलाच हवी, सॅम्पल द्यायला नवरा लागतोच ना. त्याच्या बॉसने त्याला विचारलं, "तुझं काय काम तिकडे?"

मोकळं_आभाळ
मला तर या रजेच्या नावाचीच धास्ती वाटते. मस्टरवर "पाळीची रजा" असा वेगळा कॉलम केला की दर महिन्याला कोणाची पाळी कधी ते सुपरवायझरला पाठ. जपानात 1947 पासून कायद्यात आहे ही रजा, पगार द्यायची सक्ती नाही, आणि 2020 च्या सर्वेक्षणात ती घेणाऱ्या बायका एक टक्कासुद्धा नव्हत्या. साहेबाला जाऊन सांगणार कोण? त्यापेक्षा सगळ्यांनाच, बायका पुरुष दोघांना, वर्षाला दहा-बारा दिवस जादा द्या, कारण विचारू नका. आयव्हीएफवाल्यांचंही त्यात भागेल.

तिरकी_रेघ
म्हणजे पुन्हा लपवायचंच. आणि सगळ्यांची रजा झाली की ती गोव्याला जायला वापरली जाणार, मार्चमध्ये मॅनेजर म्हणणार शिल्लक नाही. पाळीत असह्य दुखतं अशा एंडोमेट्रिओसिसवाल्या मुलीची वर्षाच्या मध्यातच संपलेली असते. वेगळी रजा म्हणजे निदान तिच्या नावावर काहीतरी राखून ठेवलेलं असतं.

गोदाकाठ
तुमचं सगळं पगारपत्रक असलेल्यांचं चाललंय. बीडकडच्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, एक दिवस खाडा झाला की मुकादम 500 रुपये कापतो. पाळीत पण फडात उतरावंच लागतं. 2019 ला नीलम गोऱ्हे यांच्या समितीने 82 हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यातल्या 13 हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. यांना 12 पगारी रजा देणार कोण, मुकादम की कारखाना? दोघंही म्हणतात ही बाई आमची कामगारच नाही.

रोखठोक_नाना
हे मात्र भयंकर आहे. पण याला रजेचा कायदा लागू कसा करणार?

हिशोबनीस
अंगावरच्या कामाला रोजची रजा बसतच नाही नाना. आधी खाड्याचा दंड बंद झाला पाहिजे, आणि तो कारखान्यावर जबाबदारी टाकल्याशिवाय होत नाही. त्याला बारा दिवसांचा आदेश पुरत नाही.

बेळगावची_सून
सगळ्यांचे आभार. मस्टरमध्ये वेगळा कॉलम करणार नव्हते, आता तर नाहीच, पण लेबर इन्स्पेक्टरने रेकॉर्ड मागितलं तर काय दाखवू? आणि त्या मुलीला दुपारी बाराला यायला सांगितलंय, बाकीच्या सहाजणी आत्ताच विचारायला लागल्यात की तिलाच का.