बंगालीत पाऊस ‘धरतो’ म्हणजे नेमकं काय करतो?

मृण्मयी_कोलकाता
मंडळी, एका ठिकाणी अडलेय. लेक अडीच वर्षांची. माझ्याशी मराठी, बाबा आणि ठाकुमाशी बंगाली, आणि प्लेग्रुपमधून आता ‘रेन रेन गो अवे’ आलंय. सासूबाईंनी फर्मान काढलं, ‘हे तिला बांग्लात म्हणता यायला हवं. तू भाषांतराची कामं घेतेस ना, मग कर.’ मी केलं:

वृष्टि वृष्टि चले जाओ
अन्य दिने आबार एसो
छोट्ट खुकु खेलते चाय

सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, ‘ही सोसायटीची नोटीस झाली, छड़ा नाही.’ छड़ा म्हणजे इथलं बडबडगीत. मग त्यांनी लहानपणीचं म्हणून दाखवलं:

लेबुर पाताय करमचा
जा वृष्टि धरे जा

आता मला सांगा, पाऊस जावा अशी इच्छा असताना त्याला ‘धरे जा’ काय म्हणायचं? माझ्या कानाला ते ‘धरून राहा, सोडू नकोस’ असं लागतं. दुसरं म्हणजे मी अक्षरं मोजली होती. पहिल्या ओळीत आठ, पुढच्या दोन्हींत नऊ-नऊ. तरी टाळीवर बसत का नाही?

नाना_डोंबिवली
चले जाओ?? पावसाला १९४२ चं आंदोलन दाखवताय की काय! आणि अडीच वर्षांच्या पोरीच्या तोंडी ‘वृष्टि’? आमच्याकडे वृष्टी म्हटलं की अतिवृष्टी, पंचनामा आणि तलाठी. साधा शब्द नाही का त्या भाषेत?

मृण्मयी_कोलकाता
नाना, तोच तर साधा आहे! भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे बृष्टि म्हणतात, पोरं तर ‘बिष्टि’. आपण ज्याला सरकारी कागदात ठेवलं ते इथे चिखलात खेळतंय. उलट मी ‘पाऊस’ म्हटलं की माझी पुतणी हसून लोळते.

नाना_डोंबिवली
मग बृष्टि लिहा किंवा वृष्टि लिहा, दोन्ही कशाला? संस्कृतात व आहे. बंगाल्यांना व उच्चारता येत नाही म्हणून आपण ब लिहायचा?

शांतिनिकेतनी
नाना, लिहायचं तसं लिहा, म्हणताना ‘ब’च येणार आहे. मी सहा वर्षं बोलपूरला होते, तेव्हा आधी धरण्याचं सांगते.

बंगालीत ‘वृष्टि धरेछे’ म्हणजे पाऊस जरा ओसरलाय, थांबलाय. छत्री न घेता निघालेल्या माणसाला सगळे सांगतात, ‘धरुक, मग जा.’ म्हणजे पावसानं स्वतःला आवरून धरलं, असं मी मनाशी जुळवलं होतं. गंमत पुढे आहे. ‘वृष्टि छाड़ले जाब’ म्हणजेही पाऊस थांबल्यावर जाईन. धरलं तरी थांबतो, सोडलं तरी थांबतो. तेव्हा मृण्मयी, सासूबाईंचं बरोबर आहे. ‘जा वृष्टि धरे जा’ म्हणजे ‘जा रे पावसा, थांब आता’.

रेवा
आपण तरी काय वेगळे? ‘पाऊस उघडला’ म्हणतो. एका तमिळ मैत्रिणीला मी ‘पाऊस उघडला की ये’ असं सांगितलं, तर तिला वाटलं नळासारखा उघडला. ती भर पावसात आली, भिजून.

पंढरी_कऱ्हाड
उघडला, उघाड, उघडीप. तिथं आभाळ उघडतं, पाऊस नव्हे. आभाळ हा शब्द गळालाय एवढंच. आणि आमच्यात ‘धरून बसलाय’ म्हणजे चार दिवस हलत नाही. मृण्मयीताईंचा कान बरोबर आहे.

वृत्तवेडा
दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळेल का? ताई, तुम्ही अक्षरं मोजलीत तिथेच चूक झाली. बंगालीत मात्रा मोजतात. ज्या अक्षराला पुढे व्यंजन चिकटतं, म्हणजे ‘बुर’, ‘ताय’, त्याच्या दोन मात्रा. आपल्या गुरूसारखंच. त्या हिशेबानं ‘लेबुर पाताय’ सहा मात्रा, ‘करमचा’ चार. तुमच्या ओळी सहा-चार करा, बसतील.

शांतिनिकेतनी
अर्धं बरोबर. दोन मात्रांचा तो हिशेब आहे, पण वेगळ्या छंदाचा. बंगालीत छंदाचे तीन घाट मानतात. प्रबोधचंद्र सेनांनी त्यांना अक्षरवृत्त, मात्रावृत्त आणि स्वरवृत्त अशी नावं दिली आणि पुढे ती स्वतःच बदलली. नावं आपल्या नावांसारखी दिसतात म्हणून फसायला होतं. पोराबाळांचं सगळं त्या तिसऱ्यात, त्याला लोक सरळ ‘छड़ार छन्द’ म्हणतात. त्यात बंद असो की उघडं, तोंडातून एका झटक्यात जे निघतं ते एक. चार झटक्यांचा एक गट, गटाच्या पहिल्यावर टाळी.

मृण्मयी, देवनागरीत लिहिलेलं विसर आणि मोठ्यानं म्हण:

ले-बुर-पा-ताय | को-रम्-चा

कागदावर दहा अक्षरं, तोंडात सात. चार आणि तीन, शेवटची जागा श्वासाला. आता तुझं इंग्रजी घे: कम-अ-गेन-अ | ना-दर-डे. तेही चार आणि तीन. बंगाली घाट आणि हे इंग्रजी गाणं एकाच पाळण्यात झुलतात, म्हणून छंद नव्यानं शोधायची गरजच नाही.

वृत्तवेडा
‘रेन रेन गो अवे’ पाचच भरतात. तुमचा नियम पहिल्याच ओळीला मोडला.

शांतिनिकेतनी
म्हणून बघा ना. कोणी ‘रेन रेन’ पटकन म्हणत नाही. रेऽन रेऽन | गो-अ-वे. दोन शब्द दोन-दोन जागा खातात. ‘जा वृष्टि धरे जा’ही सहाच आहे, पण जाऽ-बृष्-टि | ध-रे-जा असं म्हणतात. रिकामी जागा स्वर ताणून भरायची. मोठ्यांच्या कवितेत हा आळस ठरेल, इथे पोराला नेमकी तीच जागा आवडते.

आता तुझी दुसरी ओळ बघ: ओन्-नो-दि-ने | आ-बार-ए-शो. चार आणि चार, श्वासाला जागा नाही. तिसरी मात्र छोट्-टो-खु-कु | खेल-ते-चाय, चार आणि तीन. कागदावर दोन्ही नऊ अक्षरं, म्हणून तुला सारख्या वाटल्या. पहिली ‘जाओ’ एका झटक्यात म्हटलं तर बसते, पण यमक कुठेच नाही.

मृण्मयी_कोलकाता
अरे देवा. आत्ता जेवताना टेबल वाजवून पाहिलं, ‘एसो’लाच अडखळतं. सासूबाई विचारत होत्या सून काय करतेय. मग ‘एसो’च्या जागी काय?

शांतिनिकेतनी
‘तुमि’ सोड. जाओ, एसो ही तुमिची रूपं, बरोबरीच्या माणसाला सांगायची. छड़ात पावसाला, चांदोमामाला ‘तुइ’. आणि तुइची आज्ञा इथे एकाच झटक्याची होते: जा, आय. नोटीस वाटत होती ती यामुळेच, आणि ओळ लांबत होती तीही यामुळेच.

बृष्टि रे तुइ एबार जा
अन्य दिने आबार आय
छोट्ट खुकु खेलते चाय

बृष्-टि-रे-तुइ | ए-बार-जा. ‘तुइ’ एकच धर.

रेवा
आपलंही तसंच की! ‘ये रे ये रे पावसा’. ‘या हो या हो पर्जन्यराव’ म्हटलं असतं तर आलाच नसता.

नाना_डोंबिवली
‘जा’ला ‘आय’ यमक? इंग्रजीत अवे, डे, प्ले तिन्ही चोख जुळतात. सुचवतो, ‘आबार आ’ आणि शेवटी ‘खेलबे ना?’. झालं ना तिन्हीकडे आ!

शांतिनिकेतनी
‘आबार आ’ हिंदी झालं, नाना. बंगालीत ‘आय’च. ‘खेलबे ना?’ मात्र चांगलं आहे, प्रश्न विचारल्यासारखं. तेव्हा एकतर जा-ना जुळवा आणि मधली ओळ मोकळी सोडा, नाहीतर आय-चाय जुळवा आणि पहिली सोडा. मी दुसरं घेईन. लागोपाठच्या ओळी जुळल्या की लहान पोराच्या कानाला लगेच कळतं, एक ओळ गाळून जुळलेलं लक्षात येत नाही.

नाना_डोंबिवली
म्हणजे तीनात दोन. याला भाषांतर म्हणायचं? रूपांतर म्हणा. सैलसर रूपांतर.

पंढरी_कऱ्हाड
माझा मूळ मुद्दा वेगळा. इंग्रजांचं पोर पावसाला हाकलतं. आमचं पोर पैसा देऊन बोलावतं, आणि तोही खोटा निघतो. शेतकऱ्याच्या घरात ‘जा’ म्हणून शिकवायचं कशाला?

मृण्मयी_कोलकाता
बंगालीतही बोलावतात, ‘आय वृष्टि झेँपे, धान देब मेपे’. जोरात ये, धान मापून देईन. आपण पैसा देतो, ते धान. पण मजा अशी की सासूबाई त्यालाच जोडून ‘लेबुर पाताय’ म्हणतात. आधी बोलावलं, मग हाकललं. इथल्या आषाढात दोन्ही लागतं, गुडघाभर पाण्यातून रिक्षा शोधली की कळतं.

सुशांत_नागपूर
लेट आलो. बंगाली छड़ा निघालाय तर ‘वर्गि एल देशे’ कोणी कसं आठवलं नाही? ‘खोका घुमाल, पाड़ा जुड़ाल’. पोर झोपलं, आळी निवांत झाली, आणि बर्गी आले. बर्गी म्हणजे आपले बारगीर हो! ज्यांना घोडा सरकारातून मिळे ते. ज्याचा स्वतःचा घोडा तो शिलेदार. आमच्या रघूजी भोसल्यांची फौज. भास्करराम कोल्हटकर तिकडेच १७४४ ला दग्यानं मारले गेले, १७५१ ला बंगालचा नवाब अलीवर्दीनं तह करून चौथ कबूल केली. ऑफिसातल्या बंगाली कलीगनं हे गाणं म्हणून दाखवलं आणि म्हणाला, तुमच्या नावानं आम्हाला झोपवायचे.

नाना_डोंबिवली
बारगीर फारसी. पण ‘बार’ म्हणजे ओझं, म्हणून ओझ्याचा घोडा...

सुशांत_नागपूर
घोडा नाही नाना, स्वार!

रेवा
आणि ‘खोका’ म्हणजे मुलगा? आमच्याकडे खोके म्हटलं की लोक वेगळंच मोजायला लागतात.

वृत्तवेडा
‘खोका घुमाल’ पाच झटके होतात. खो-का-घु-मा-लो. कुठे गेला चाराचा नियम?

शांतिनिकेतनी
तिथे ‘घुमाल’ दाबून ‘घुम्लो’च्या जवळ नेतात. किंवा नेत नाहीत, आणि मग तुमचं बरोबर. यावर तिकडेही वाद आहेत.

वृत्तवेडा
म्हणजे नियम म्हणणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून. मग मोजायचं कशाला?

शांतिनिकेतनी
न मोजता ‘एसो’ आलं होतं, म्हणून.

पंढरी_कऱ्हाड
करमचा म्हणजे काय पण? लिंबाच्या पानावर काय ठेवलंय?

मृण्मयी_कोलकाता
करवंद! संस्कृतात करमर्द, तिकडे करमचा, आपलं करवंद. लिंबाच्या पानावर करवंद, अर्थ काही नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, अर्थ असता तर पोरांनी म्हटलं असतं का?

आजची खबर. तीन ओळी बसवल्या, ‘आय-चाय’वाल्या. लेकीनं दोनदा ऐकल्या. संध्याकाळी सर आली तेव्हा गॅलरीत उभी राहून टाळी वाजवत म्हणाली, ‘ये रे ये रे कोरोमचा’. पाऊस काही धरला नाही.

पंढरी_कऱ्हाड
करवंद तिकडं कुठल्या महिन्यात येतं? आमच्याकडं मे अखेरीला संपतं, पाऊस लागला की सडतं. म्हणून विचारतोय.