सिलिंडर धाडकन खाली येतो : मीटर-इन घेऊ की मीटर-आउट? (बजेट दीड हजार)

रबाळेकर_पॅकिंग
रबाळे एमआयडीसीत छोटं युनिट आहे. सिलिंडर उभा, रॉड खाली, बोअर 40, स्ट्रोक 150, हवा 5 बार. रॉडला 15 किलोची प्रेसिंग प्लेट लटकते. वर जाताना झकास, खाली येताना धाडकन आपटते. खालच्या स्ट्रोकचा नॉब आवळला की क्षणभर थांबते आणि मग आपटतेच. दुकानदाराने 'मीटर-आउट' म्हणून एल्बो दिलेत. मीटर-इन लावून बघू का?

जुना_फिटर
मीटर-आउटच. नेहमी. तीस वर्षांत मीटर-इन लावलेला नाही आणि लावणारही नाही.

वागळे_इस्टेट
'नेहमी' कसं काय? माझ्याकडे 16 बोअरचे स्प्रिंग रिटर्न क्लॅम्प आहेत. एकच पोर्ट, दुसऱ्या बाजूला नुसतं श्वासाचं भोक. पुढे जाताना अडवायला एक्झॉस्टच नाही, तिथे मीटर-इनशिवाय काय करणार? धागाकर्ते, बिनधास्त मीटर-इन घ्या. माझे दोन वर्षं मस्त चाललेत.

जुना_फिटर
स्प्रिंगवाले खेळणे वेगळे.

सर्वो_प्रेमी
इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटर लावा, कटकट संपली. आम्ही महाप्यात चार लावले. हवेचं बिलही वाचलं.

रबाळेकर_पॅकिंग
दादा, बजेट दीड *हजार* आहे.

ऐरोली_मेंटेनन्स
वागळेंचा क्लॅम्प स्प्रिंगशी झुंजतो, इथे वजन स्वतःच खाली ओढतंय. मीटर-इनमध्ये वरून हवा हळू येते, पण खालची भसकन निघून जाते, मग प्लेट धरणार कोण? वर जाताना वजन विरोधात असतं म्हणून तिकडे निभतं. तुमची लक्षणं मीटर-इनचीच आहेत. एल्बो नेमके कुठे बसवलेत, सिलिंडरवर की व्हॉल्व्हवर?

रबाळेकर_पॅकिंग
व्हॉल्व्हच्या मॅनिफोल्डवर. सिलिंडर गार्डच्या आत आहे, स्पॅनर जात नाही. तिथून 3 मीटर ट्यूब.

ऐरोली_मेंटेनन्स
सापडलं. मीटर-आउटचा एल्बो आट्यांकडून ट्यूबकडे जाणारी हवा अडवतो. आटे सिलिंडरमध्ये असतील तर ती बाहेर पडणारी हवा. तोच एल्बो व्हॉल्व्हमध्ये पिळला की ती आत जाणारी हवा होते. माल बरोबर, जागा उलटी. खात्री करायची तर एक एल्बो काढा, नॉब पूर्ण बंद करा आणि आट्यांच्या बाजूने फुंका. हवा अडली, तर मी म्हणतो तेच.

कळवा_नाका
+1, सिलिंडरवर लावा. आणि ठाण्यात घेऊ नका, नागदेवी स्ट्रीटला निम्म्या भावात मिळतं.

जुना_फिटर
निम्म्या भावात मिळतं आणि आठवड्यात गळतं. मी पहिल्याच ओळीत मीटर-आउट सांगितलं होतं.

वागळे_इस्टेट
पण ते मीटर-आउटच आणून बसले होते ना!

ऐरोली_मेंटेनन्स
भांडण पुरे, एक हिशेब बघा. वरून 5 बार म्हणजे पिस्टनवर साधारण 64 किलो जोर, त्यात प्लेटचे 15. हे 79 किलो रॉडच्या बाजूची कोंडलेली हवा पेलणार. 16 चा रॉड वजा करून तिथे उरतं साडेदहा चौरस सेंटीमीटर. म्हणजे नॉब चांगला आवळला की त्या बाजूला सव्वासात बारच्या पुढे दाब चढतो, लाइनला 5 असले तरी. सिलिंडर 10 बारचा असेल तर चालेल, पण ट्यूब-फिटिंगचं रेटिंग बघा. प्रेसिंगला एवढा जोर लागत नसेल तर खालच्या स्ट्रोकला चेकवाला रेग्युलेटर लावून दाब उतरवा.
दुसरं, इमर्जन्सी दाबून लाइन रिकामी झाली की पुढच्या पहिल्या स्ट्रोकला रॉडच्या बाजूला कोंडायला हवाच नसते. मीटर-आउट असूनही आपटेल. आमच्याकडे एका मुलाचं बोट थोडक्यात वाचलंय.

कळवा_नाका
सॉफ्ट स्टार्ट लावला की झालं ना?

ऐरोली_मेंटेनन्स
वरून हवा हळू चढते, तेवढाच फायदा. वजन खाली ओढतंच. लाइन गेल्यावर प्लेट वरच राहायला हवी, त्यासाठी रॉडच्या पोर्टवर पायलट चेक. दुरुस्तीच्या वेळी मात्र खाली ठोकळा हवाच.

रबाळेकर_पॅकिंग
फुंकून बघितलं, आट्यांकडून हवा अडते. पण सिलिंडरवर लावणार नाही. गार्ड कापावा लागेल, आणि हाताशी नॉब दिसला की रात्रपाळीची पोरं फिरवतात. मीटर-इनवाले एल्बो आणून मॅनिफोल्डवरच लावतो. तिथे ते मीटर-आउट होतील.

ऐरोली_मेंटेनन्स
होतील. पण 6 ची 3 मीटर ट्यूब म्हणजे मध्ये जवळपास 38 सीसी हवा, रॉडच्या बाजूच्या पोटाच्या पाव हिश्श्याइतकी. ती आधी दबेल. माझं मत सिलिंडरवरच.

जुना_फिटर
ऐका त्यांचं.

रबाळेकर_पॅकिंग
लावले. दोन्ही मिळून साडेचारशे. सुरुवातीला दोन बोटं झोका खाते, मग सरळ उतरते. सकाळचा पहिला स्ट्रोक अजून आपटतो. पायलट चेकचा भाव विचारलाय, तोवर सुट्टी होताना प्लेट खाली टेकवून ठेवतो.

सर्वो_प्रेमी
सर्वोला हे काहीच लागलं नसतं.