मदत हवी आहे: मार्चच्या विक्रीवरची वॉरंटी कोणत्या वर्षात धरायची?

नमस्कार मंडळी, मिक्सरच्या छोट्या कारखान्याची वही ३१ मार्चला बंद करतेय. विक्रेत्यांचं मार्चचं कमिशन २०,००० रुपये एप्रिलमध्ये देणार आहोत, पण ते मार्चच्या विक्रीमुळेच लागलं. म्हणून कमिशन खर्च नावे, देय कमिशन जमा अशी नोंद मार्चमध्येच केली. नाहीतर यंदाचा नफा फुगला असता आणि पुढच्या वर्षाला ज्याचं उत्पन्न नाही, तो खर्च सोसावा लागला असता. इथवर पटतं.

अडलंय ते वॉरंटीवर. मार्चमध्ये २०० मिक्सर विकले, एक वर्षाची वॉरंटी. अनुभव असा की शंभरातले पाच परत येतात आणि दुरुस्तीला प्रत्येकी ४०० रुपये लागतात. म्हणजे १० नगांचे ४,००० रुपये. एकही मिक्सर अजून परत आलेला नाही, तरी ही तरतूद मार्चमध्येच करायची ना? वॉरंटी दिली नसती तर गिऱ्हाइकाने मिक्सर घेतलाच नसता, असं मला वाटतं.

आणि प्रत्यक्षात ५,५०० खर्च झाले, तर वरचे १,५०० पुढच्या वर्षाच्या खर्चात टाकायचे, की जुनी वही उघडायची? माझ्या मते पहिलं, कारण मार्चमधला अंदाज तेव्हाच्या माहितीवर बरोबर होता. कुणी अशा नोंदी केल्या असतील तर कृपया सांगा.