मदत हवी आहे: सत्राध्यक्षांचा परिचय आणि पल्सारचा विषय, दोन्ही चार मिनिटांत

मृद्गंधा

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पुढच्या शनिवार-रविवारी आमच्याकडे विज्ञान परिषद आहे आणि रविवारी सकाळच्या पहिल्या सत्राची सुरुवात माझ्याकडे आली आहे. काम दुहेरी आहे. सत्राध्यक्ष मॅडमचा परिचय करून द्यायचा आणि 'पल्सारच्या मदतीने गुरुत्वीय लहरींचा शोध' हा विषय श्रोत्यांना थोडक्यात समजावून सांगायचा. वेळ चार मिनिटं. समोर दीडेकशे लोक असतील. त्यांत भौतिकशास्त्राचे फार तर वीस. बाकी रसायन, वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्राचे प्राध्यापक आणि दुसऱ्या वर्षाची मुलं.

मॅडमनी तीन पानी बायोडेटा पाठवलाय. गेल्या वर्षी एका परिषदेत मी असाच बायोडेटा जवळपास सगळा वाचला. पुरस्कार, समित्या, शोधनिबंधांची संख्या, सगळं. सात मिनिटं गेली आणि ती शेवटच्या वक्त्याच्या वेळेतून कापली गेली. तो मुलगा पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याला शेवटच्या तीन स्लाइड न दाखवताच खाली यावं लागलं. ते मला अजून लागून राहिलंय. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

तर परिचयात काय ठेवू, काय गाळू? आणि विषय कुठून सुरू करू?

सुलभा_जोगळेकर

मृद्गंधा, मी तीस वर्षं शाळेत सूत्रसंचालन केलंय, म्हणून सांगते. दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग पाहुण्यांचा परिचय हा क्रम मोडू नकोस. गुलाबपुष्प देणारी व्यक्ती आधीच ठरवून ठेव, आयत्या वेळी फार धावपळ होते. आकाशावरच्या कवितेच्या दोन ओळींनी सुरुवात केलीस तर सभागृह लगेच शांत होतं.

मृद्गंधा

सुलभाताई, धन्यवाद. उद्घाटन शनिवारीच होणार आहे, त्यामुळे दीपप्रज्वलन वगैरे या सत्रात नाही. थेट विषयाला हात घालायचाय.

अनिरुद्ध_कोथरूड

विषय सोपा आहे. २०१५ साली लायगोने ज्या गुरुत्वीय लहरी पकडल्या त्याच या. लायगोची एक दुर्बीण आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात होतेय, तिथूनच सुरू करा, महाराष्ट्राचा संदर्भ येतो. पुढे सांगायचं की लहर आली की पल्सारचं फिरणं किंचित मंदावतं आणि ते आपल्याला दिसतं. २०२३ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी हा शोध लावला.

खोडदचा_रस्ता

मी काही वर्षं खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पल्सार निरीक्षणांवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अनिरुद्ध, लहरींची जात एकच हे बरोबर. पण लायगोला दिसणारी लहर सेकंदाला कित्येकदा वरखाली होते. इथली लहर एकदा वरखाली व्हायला कित्येक वर्षं घेते. लायगोचे बाहू चार किलोमीटरचे आहेत, त्यांना ही लहर कळणारच नाही. म्हणून हजारो प्रकाशवर्षं दूर असलेला पल्सार हे एक टोक आणि पृथ्वी हे दुसरं टोक, असा बाहू वापरतात. हिंगोलीपासून सुरुवात केली तर श्रोते आयुष्यभर ही दोन यंत्रं एकच समजतील.

दुसरं, पल्सार मंदावत नाही. तो आपल्या लयीत फिरतच असतो. लहरीमुळे मधलं अंतर किंचित ताणलं किंवा आखडलं जातं आणि त्याच्या दर फेरीला येणारा रेडिओ लहरींचा ठोका आपल्यापर्यंत थोडा उशिरा किंवा लवकर पोचतो. किती? सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास, फार तर त्याच्या काही पट, आणि तेही कित्येक वर्षांत हळूहळू जमा होत.

तिसरं, २९ जून २०२३ ला जे जाहीर झालं ते 'पुरावा मिळाला' असं होतं, 'शोध लागला' असं नव्हतं. अमेरिकेच्या, ऑस्ट्रेलियाच्या आणि चीनच्या गटांनी एकाच वेळी आपापले निष्कर्ष मांडले. आपल्या भारतीय गटाने, ज्यात जपानी सहकारीही आहेत, युरोपीय गटाबरोबर मिळून २५ पल्सारच्या नोंदींवरून मांडले. आकडेशास्त्राच्या ज्या कसोटीवर 'शोध' म्हणतात, तिथे तेव्हा कोणीच पोचलेलं नव्हतं. मॅडम याच क्षेत्रातल्या असतील तर 'शोध लावला' हा शब्द त्यांना खुर्चीत बसल्याबसल्या टोचेल.

परिचयाबद्दल. मॅडमना आजच मेल कर आणि तीनच गोष्टी विचार: नावाचा उच्चार आणि आधी काय लावायचं, सध्याची संस्था कोणती, आणि त्यांच्या कामातलं कोणतं एक काम या सत्राशी जोडलेलं आहे. बायोडेटात जुनी संस्था तशीच राहून गेलेली असते, हे मी बरेचदा पाहिलंय. ते एक काम दोन वाक्यांत सांग आणि थांब. वक्त्यांची ओळख अध्यक्ष करून देतात, ती तू करायची नाही. आणि विषय आधी, मॅडम नंतर. मॅडमचं नाव तुझ्या शेवटच्या वाक्यात येऊ दे, म्हणजे टाळ्या वाजत असताना त्या माइककडे येतील. उलट केलंस तर त्या उठून उभ्या राहतात आणि तू विषय समजावत बसतेस.

अनिरुद्ध_कोथरूड

फिरणं मंदावतं असं मी एका व्हिडिओत पाहिलं होतं. अंतर बदलतं, हे पटलं. पण चार मिनिटांत 'पुरावा' आणि 'शोध' यातला फरक सांगत बसायचं का? सामान्य माणसाला तो कळणारही नाही.

रसायनवाला

मी रसायनशास्त्राचा, म्हणजे तुमच्या श्रोत्यांपैकीच. मला तो फरक नक्की कळेल, आम्हीही प्रयोगशाळेत रोज तेच करतो. मला न कळलेलं वेगळंच आहे. एक कोटीवा भाग! इतका बारीक फरक दिसला तर तुमचं घड्याळच चुकलं नाही हे कशावरून? माझ्या वजनकाट्यावर शेवटचा आकडा हलला तर मी आधी काट्यावर संशय घेतो.

आणि 'स्पंदक' हा शब्द कृपा करून वापरू नका. तारा हृदयासारखा धडधडतो असं मला आज सकाळपर्यंत वाटत होतं.

खोडदचा_रस्ता

रसायनवाले, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत. मृद्गंधा, विषय या प्रश्नापासूनच सुरू कर.

पल्सार धडधडत नाही, दीपगृहासारखा फिरतो. रेडिओ लहरींचा झोत दर फेरीला आपल्यावरून जातो. J1909-3744 नावाचा एक पल्सार आहे, तो सेकंदाला सुमारे ३३९ फेऱ्या मारतो आणि फार नियमित आहे.

आता घड्याळाचा प्रश्न. आपलं घड्याळ चुकलं तर सगळेच पल्सार एकदम सारखे पुढे किंवा मागे दिसतील. एकच पल्सार चुकला तर तो त्याचा स्वतःचा दोष. गुरुत्वीय लहरींची खूण या दोन्हींहून वेगळी आहे. आकाशात जवळजवळ असलेल्या दोन पल्सारचे उशीर एकमेकांशी जुळतात, काटकोनाच्या आसपास असलेल्यांचे किंचित उलटे जातात आणि समोरासमोरच्या दिशांचे पुन्हा थोडे जुळतात. ही आकृती १९८३ सालीच हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी काढून ठेवली होती. म्हणून एक पल्सार कितीही चांगला असला तरी पुरत नाही.

मृद्गंधा

हे वाचून रात्री बसून मसुदा केला. विषयाचा भाग असा आहे:

"समजा, आपण पुणे स्टेशनबाहेर वही घेऊन उभे आहोत आणि चारी दिशांनी येणाऱ्या एसटी किती उशिरा पोचतात ते लिहितो आहोत. सगळ्या गाड्या पाच मिनिटं उशिरा आल्या, तर आधी आपलं घड्याळ तपासायचं. एकच गाडी उशिरा आली, तर तिचं चाक पंक्चर झालं असेल. पण मुंबईकडची आणि सोलापूरकडची गाडी उशिरा येते आहे आणि त्याच दिवशी नाशिकची आणि साताऱ्याची लवकर, असं वर्षानुवर्षं दिसत राहिलं तर? मग गाड्यांचा दोष नाही. रस्तेच एका दिशेने ताणले जात आहेत आणि दुसऱ्या दिशेने आखडत आहेत. आजच्या सत्रात गाड्यांच्या जागी पल्सार आहेत, आणि उशीर आहे सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास. असं ताणणं-आखडणं होत असल्याचा पुरावा २०२३ मध्ये मिळाला. तो पक्का कसा करायचा, यावर आज तीन वक्ते बोलणार आहेत."

यानंतर मॅडमचं एक काम आणि त्यांचं नाव. त्यांचं काम मधल्या वायूमुळे होणाऱ्या उशिराच्या दुरुस्तीवर आहे, हे त्यांनी मेलमध्ये कळवलं. ते कसं सांगू?

रसायनवाला

कळलं! 'रस्तेच ताणले' पाशी अंगावर काटा आला. फक्त 'वर्षानुवर्षं' वर थांबा जरा, मी ते वाचताना ओलांडून गेलो होतो.

खोडदचा_रस्ता

उदाहरण छान बसलंय, मुंबई-सोलापूर आणि नाशिक-सातारा हे अगदी काटकोनात नसले तरी एकमेकांना छेदणाऱ्या दोन वेगळ्या दिशांना येतात. एक मर्यादा लक्षात ठेव. एकच लहर असती तर चित्र इतकं स्वच्छ दिसलं असतं. प्रत्यक्षात सगळ्या दिशांनी आलेल्या असंख्य लहरींची सरमिसळ असते आणि ती खूण पल्सारच्या पुष्कळ जोड्यांची सरासरी काढल्यावरच दिसते. मंचावर हे सांगू नकोस, पण कोणी विचारलं तर उत्तर तयार असू दे. या लहरी महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांमधून येतात असा सर्वाधिक लोकांचा कयास आहे, तरी 'येतात' असं ठाम म्हणू नकोस.

मॅडमच्या कामाचं असं सांग. ताऱ्यांच्या मधल्या विरळ, विद्युतभारित वायूतून येताना कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी मागे पडतात. त्याच J1909-3744 चा ठोका ५०० मेगाहर्ट्झला पोचल्यावर ३०० मेगाहर्ट्झला तो साधारण ०.३ सेकंद उशिरा येतो. तेवढ्यात त्या पल्सारच्या शंभर फेऱ्या होऊन जातात. शोधायचा आहे कोटीवा भाग आणि मधला वायू दशांशात उशीर करतो! तो उशीर कायम तेवढाच असता तर एकदा वजा करून मोकळे झालो असतो, पण वायूचं प्रमाण महिन्या-महिन्याला किंचित बदलतं आणि तो बदल लहरीसारखाच दिसू शकतो. खोडदच्या ३० अँटेनांचे गट करून एकाच वेळी कमी आणि जास्त वारंवारतेवर पाहता येतं, म्हणून हा उशीर तिथे चांगला मोजला जातो. एसटीच्या भाषेत: घाटातल्या धुक्याचा उशीर वेगळा काढल्याशिवाय रस्ता ताणला गेला असं म्हणता येत नाही, आणि ते धुकं मोजण्यात मॅडमची बरीच वर्षं गेली आहेत. नारायणगाव आपल्यापासून दीड-दोन तासांवर, मुलांनी जीएमआरटीची सहलही केलेली असेल.

सुलभा_जोगळेकर

धुक्याचं मला फार आवडलं. मग कविता नको, हेच पुरे. पण बाई, हे मराठीत बोलणार की इंग्रजीत? परिषदेत पाहुणे बाहेरचे असतात ना?

मृद्गंधा

तोच पेच आहे, ताई. प्राचार्य म्हणतात मराठीत करा, मुलं बसलेली आहेत. पण एक वक्ते बेंगळुरूचे आहेत, त्यांना मराठी येत नाही.

अनिरुद्ध_कोथरूड

पाहुण्यासमोर चार मिनिटं न समजणारी भाषा बोलणं मला योग्य वाटत नाही. इंग्रजीत करा.

रसायनवाला

इंग्रजीत एसटी आणि घाट तितके पोचणार नाहीत. मराठीत बोला आणि तोच मजकूर इंग्रजीत एका स्लाइडवर मागे ठेवा.

खोडदचा_रस्ता

स्लाइड ठेवली की लोक वाचतात आणि ऐकत नाहीत. त्या वक्त्यांना आदल्या रात्री मेलवर इंग्रजी मजकूर पाठवून दे, असं मी करेन. पण यावर माझं मत पक्कं नाही, प्राचार्यांशी बोल.

मृद्गंधा

धुक्याचा भाग घालून मोबाइलवर वेळ लावून दोनदा मोठ्याने वाचलं. तीन मिनिटं दहा सेकंद, 'वर्षानुवर्षं' वर थांबूनसुद्धा. त्यात मॅडमचा भाग चाळीस सेकंदांचा. मसुदा मॅडमना पाठवलाय. त्यांनी एकच बदल सुचवला: 'बरीच वर्षं गेली' च्या जागी 'बरीच वर्षं त्या आणि त्यांचे विद्यार्थी हे धुकं मोजत आहेत'. भाषेचं उद्या प्राचार्यांना विचारते.