अक्षर गिचमिड आणि पेपर तीन तासांचा: शाईचा पेन की जेल? आपापले अनुभव सांगा

माझा भाचा खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत दहावीला आहे. मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन लिप्यांत त्याला पेपर लिहायचे आहेत. पहिली दोन पानं वाचता येतात, पाचव्या पानापासून ओळी तिरक्या जातात आणि अक्षरं एकमेकांवर चढतात. आतापर्यंत बॉलपेनच वापरलाय. घरात दोन तट पडलेत, कुणी शाईचा पेन म्हणतं, कुणी जेल. ज्यांनी स्वतः वापरून किंवा पोरांना देऊन बघितलंय, त्यांनी सविस्तर लिहा.

निपाणी, हायस्कूल शिक्षिका
आधी त्यानं लिहिलेल्या पानाच्या मागून बोट फिरवून बघा. अक्षरं उठलेली लागली, तर तो पेन दाबून लिहितोय. बॉलपेनची शाई घट्ट असते, त्यामुळे दाबायची सवय लागते. तासाभरानं बोटं आखडतात आणि अक्षर सुटतं ते तिथंच. शाईचा पेन आणि जेल दोन्हीला दाब लागत नाही, म्हणून दोन्हींनी फरक पडतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला जुनी प्रश्नपत्रिका देऊन पूर्ण वेळ शाईच्या पेननं लिहायला लावलं. अक्षर मोठं, सुटं, वाचण्याजोगं आलं, पण शेवटचे दोन प्रश्न राहिले. निब एका ठरावीक कोनातच चालते. घाईत पेन बोटांत फिरला की शाई तुटते आणि तो शब्द पुन्हा गिरवायचा. मग त्याला रोजच्या शुद्धलेखनाला शाईचा पेन आणि पेपरला ०.५ चा जेल असं वाटून दिलं. हात हलका राहिला, पेपरही पुरा झाला. यात पेनचा वाटा किती आणि रोजच्या लिखाणाचा किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही.

०.७ चा जेल मात्र देऊ नका. बारीक अक्षरात ‘भ’, ‘क्ष’, ‘ष्ट’ यांची पोटं शाईनं भरतात आणि तपासणाऱ्याला ठिपकाच दिसतो. कन्नडची गोल अक्षरं त्यात जरा निभावतात, देवनागरी निभावत नाही.

बेळगाव, शहापूर, निवृत्त कारकून
आमच्या वेळी सगळे शाईच्याच पेननं लिहायचे आणि सगळ्यांची अक्षरं मोत्यासारखी होती. शाईचा पेन द्या, अक्षर आपोआप सुधारतंय बघा. ड्रॉपरनं भरायचा पेन घ्या, शाई भरपूर मावते, तीन तासांत संपायची भीती नाही.

निपाणीच्या शिक्षिका
काका, शाईचं म्हणणं बरोबर आहे, पण तो पेन परीक्षेला जाताना काठोकाठ भरलेला हवा. शाई तळाला गेली की आत हवा जास्त होते, हाताच्या उबेनं ती फुगते आणि निबेखाली थेंब पडतो. मार्चच्या उन्हात हे हटकून होतं. आणि तेव्हाही गिचमिड अक्षराची पोरं होतीच की, त्यांना मार बसायचा एवढंच.

चिकोडी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा
जेल, शाई दोन्ही नको. गोल काळे करताना जेल पसरतं आणि उत्तर बाद व्हायची भीती असते. आमच्या परीक्षेला काळा बॉलपेनच लागतो.

धागाकर्ती
दादा, तुमचं ओएमआरचं झालं. याला पानंच्या पानं लिहायची आहेत.

बेळगाव, कायद्याची विद्यार्थिनी
मी डावखुरी आहे. लिहिलेल्या ओळीवरूनच माझा हात पुढं सरकतो, म्हणून शाईच्या पेननं पान आणि तळहात दोन्ही निळे होतात. जेलही फासतं, पण वही उजवीकडं कलती ठेवून ओळीच्या खालून लिहिलं की बरंच वाचतं. भाचा डावखुरा असेल तर शाईच्या पेनच्या वाटेला जाऊ नका.

उजव्या हातानं लिहिणाऱ्यांनाही एक सांगते. घामाचा हात कागदाला लागला की त्या जागी जेल अडखळतं आणि अर्धी अक्षरं उमटतच नाहीत. पोरं रिफिल संपली समजून पेन झटकत बसतात. तळहाताखाली रुमाल ठेवावा. जेल टोकावर पडला तर बारीक गोळी दबते आणि पेन ओरखडत चालतो. म्हणून दुसरा पेन न्यावा, पण घरी थोडा लिहून बघितलेलाच.

खानापूर, पालक
आमच्या पोरीला शाईचा पेन दिला आणि घरच्या वहीत झकास चालला. शाळेच्या सराव परीक्षेला कागद पातळ निघाला. शाई फुटली, मागचं पान वाचता येईना, एकेक पान सोडून लिहावं लागलं. शाळेतनं दोन कोरी पानं मागून आणा आणि त्यावर आधी बघा.

धागाकर्ती
पानामागून बोट फिरवून बघितलं, अक्षरं चांगलीच उठलेली आहेत. भाचा उजवाच आहे. घरी शाईचा पेन आणि पेपरला ०.५ चा जेल, असं सुरू करतोय. शाळेतनं कोरी पानंही मागवलीत. एक अजून अडलंय: घाईत तो प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळी मारतो. शब्द लिहून झाल्यावर एकदम रेघ ओढावी, की पेपरात रेघच सोडावी? तपासणारे कुणी असतील तर सांगा.

निपाणीच्या शिक्षिका
शब्द पुरा करून एकदम ओढू दे, हात कमी उचलावा लागतो. रेघ सोडलेले पेपर मी तपासलेत, मला अडचण आली नाही. पण ‘भ’-‘म’ आणि ‘ध’-‘घ’ नीट वेगळे काढणाऱ्यालाच ते जमतं. याचे कसे आहेत, एक पान टाका, बघून सांगते.